मोठ्या कंपनीच्या व्हेंडर यादीत नाव कसं लागतं : एका मशीन शॉपचं उदाहरण घेऊन

भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत गेलात तर असे शॉप दिसतील की ज्यांचा माल मोठ्या कंपनीच्या पंपात किंवा गिअरबॉक्समध्ये बसतो, पण त्या कंपनीला शॉपचं नावही ठाऊक नसतं. मधे दुसराच कोणीतरी व्हेंडर असतो. शॉप त्याचं जॉब वर्क करतो आणि त्यातला थोडा पैसा त्याच्या हातात राहतो. मग एक दिवस मालकाला वाटतं, आपणच थेट का देऊ नये? हा लेख अशा मालकासाठी आहे. व्यवहारात लागतील तेवढेच शब्द वापरतो आणि उदाहरण एकच धरतो.

समजा तुमच्याकडे सहा सीएनसी टर्निंग मशिन, दोन व्हीएमसी आणि एक सिलिंड्रिकल ग्राइंडर आहे. दोन शिफ्ट चालतात, माणसं अठरा. मुख्य काम शाफ्ट आणि बुश. तुम्हाला पंप बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत शाफ्टसाठी नाव लावायचं आहे.

आधी दार कुठलं ते ओळखा

कंपनीच्या वेबसाइटवर सप्लायर नोंदणीचा फॉर्म असतो. तो भरायचाच, पण तो भरला म्हणजे व्हेंडर झालो असं समजू नका. फॉर्म भरल्यावर तुम्ही फक्त इच्छुकांच्या यादीत येता. त्यानंतर व्हेंडर डेव्हलपमेंटचा माणूस तुमची माहिती बघतो, शॉपवर ऑडिट होतं, सॅम्पल जातं, ते पास झालं की व्हेंडर कोड उघडतो. कोड उघडला तरी ऑर्डर हातात नसते, फक्त तुमच्याकडे चौकशी पाठवण्याचा रस्ता मोकळा होतो. हे टप्पे डोक्यात वेगवेगळे ठेवले तर आपण कुठे अडकलोय ते कळतं.

कंपनी व्हेंडर घेते तो कामाच्या वर्गानुसार. कास्टिंगचा खरेदी अधिकारी वेगळा, फोर्जिंगचा वेगळा, मशिनिंगचा वेगळा. 'सर्व प्रकारची इंजिनिअरिंग कामं करतो' असं लिहून पाठवलेला कागद या तिघांपैकी कुणाच्याच टेबलावर जात नाही. तुमच्या वर्गाचा माणूस शोधा. त्यासाठी कंपनीत ओळख असावीच लागते असं नाही. बार विकणारा, इन्सर्ट विकणारा, कॅलिब्रेशनवाला यांची त्या कंपनीच्या दुसऱ्या व्हेंडरांकडे रोजची ये-जा असते. कुठल्या भागाचा तुटवडा आहे, कुठल्या व्हेंडरचा माल परत येतोय, हे त्यांना आधी कळतं. नवा व्हेंडर घ्यायला कंपनीकडे कारण लागतं: नवं मॉडेल, जुन्या व्हेंडरची कटकट, किंवा एकाच व्हेंडरवर असलेलं अवलंबित्व कमी करायचं असणं. यातलं एकही कारण नसेल तर तुमचा कागद कितीही चांगला असो, तो फायलीत पडून राहतो. मग दर तीन-चार महिन्यांनी एकदा, काही नवं सांगण्यासारखं असेल तेव्हाच आठवण करून द्या.

कागदांवरचं नाव एक करा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण अर्ज परत येण्याचं सर्वांत साधं कारण इथेच सापडतं. पॅन, जीएसटी, उद्यम नोंदणी, बँक खातं आणि रद्द केलेला चेक या सगळ्यांवर नाव अक्षरशः सारखं हवं. प्रोप्रायटरी शॉपमध्ये पॅन मालकाच्या नावे असतो, जीएसटीत व्यापारी नाव वेगळं असतं, आणि बँक खातं कधीकधी तिसऱ्याच स्पेलिंगने. व्हेंडर कोड उघडणारी सिस्टीम हे जुळवून बघते आणि जुळलं नाही की अर्ज थांबवते. दुसरी गोष्ट, शेजारच्या गाळ्यात ग्राइंडर ठेवला असेल तर तो गाळा जीएसटीत जादा ठिकाण म्हणून दाखवलाय का ते पाहा. ऑडिटला आलेला माणूस दुसऱ्या गाळ्यात माल बनताना बघतो आणि कागदावर तो पत्ता नसतो, ही फार वाईट सुरुवात होते.

उद्यम प्रमाणपत्रावर तुमचं काम 'उत्पादन' म्हणून नोंदलेलं असावं. नोंदणी 'व्यापार' म्हणून झाली असेल तर पुढे पैशांच्या मुदतीचं जे संरक्षण सांगतो आहे ते मिळणार नाही. याखेरीज पीएफ आणि ईएसआयची चलनं, प्रदूषण मंडळाची संमती आणि तीन वर्षांचे ताळेबंद एका फोल्डरमध्ये ठेवा. मोठ्या कंपन्या आता कामगारांच्या कागदांना गुणवत्तेइतकंच वजन देतात, कारण उद्या तुमच्या शॉपमध्ये काही झालं तर प्रश्न त्यांनाही विचारला जातो.

क्षमतेचं पान : इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

बहुतेक शॉपांच्या प्रोफाइलमध्ये मशिनांची यादी असते. मशिनचं नाव, मेक, वर्ष. वाचणाऱ्याला त्यातून हवं ते कळत नाही. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात: माझा भाग तुमच्याकडे होईल का, आणि महिन्याला किती होतील.

पहिल्यासाठी आकारमान आणि टॉलरन्स लिहा. आपल्या शॉपसाठी मजकूर साधारण असा होईल: 'ईएन ८ आणि ईएन २४ मधले शाफ्ट, व्यास १२ ते ६० मिलिमीटर, लांबी ४०० मिलिमीटरपर्यंत. टर्निंगमध्ये व्यास अधिक-उणे ०.०२ मिलिमीटर, ग्राइंडिंगनंतर एच ६ फिटपर्यंत. हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग बाहेरून करून घेतो.' शेवटचं वाक्य लपवू नका. बाहेरून करून घेतलेली प्रक्रिया सांगितली नाही आणि ती ऑडिटमध्ये उघडी पडली, तर बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास जातो.

मात्र जे लिहाल ते मोजता आलं पाहिजे. २५ मिलिमीटर व्यासाला एच ६ म्हणजे २५.००० ते २४.९८७, एकूण जागा १३ मायक्रॉनची. ती मोजायला ०.०१ मिलिमीटर लघुतम मापाचा मायक्रोमीटर चालत नाही, कारण त्याचा एक भागच १० मायक्रॉनचा आहे. १ मायक्रॉन दाखवणारं साधन हवं, आणि त्याचं कॅलिब्रेशन चालू मुदतीतलं हवं. प्रोफाइलमध्ये एच ६ लिहिलंय आणि ग्राइंडरवरच्या माणसाच्या हातात साधा मायक्रोमीटर आहे, हे ऑडिटर दहा पावलांवरून बघतो. मी खरेदीच्या बाजूने शॉप बघायला जायचो तेव्हा आधी मशिनांकडे बघत नसे. मशिनजवळ ठेवलेल्या गेजकडे बघायचो, आणि त्यावर चिकटवलेल्या कॅलिब्रेशनच्या स्टिकरवरची तारीख वाचायचो.

आता महिन्याला किती, हा प्रश्न. हिशेब करून दाखवतो.

सहा टर्निंग मशिन, दोन शिफ्ट, प्रत्येक शिफ्टमध्ये सेटिंग आणि चहा वगळून सात तास, महिन्याचे पंचवीस दिवस. झाले २,१०० मशिन-तास. बिघाड, गैरहजेरी, बार न येणं यासाठी वीस टक्के सोडा, उरले १,६८०. त्यातले ११५० तास आजच्या ग्राहकांना दिलेले आहेत असं धरू. मोकळे राहतात ५३० तास. शाफ्टचं टर्निंग चार मिनिटांत होत असेल तर महिन्याला ७,९५० शाफ्ट. मालक खूश होऊन 'महिन्याला आठ हजार' लिहून टाकतो.

पण शाफ्ट ग्राइंडरवरूनही जाणार आहे, आणि ग्राइंडर एकच आहे. एक मशिन, दोन शिफ्ट, सात तास, पंचवीस दिवस म्हणजे ३५० तास. वीस टक्के सोडले की २८०. जुन्या कामाला त्यातले २०० जातात. मोकळे ८० तास. एका शाफ्टला दोन मिनिटं धरली तर २,४००. म्हणजे तुमची खरी क्षमता आठ हजार नाही, २,४०० आहे. टर्निंगचे मोकळे तास काहीही असोत, माल ग्राइंडरसमोरच साठणार.

आता दोन रस्ते आहेत. एक तर २,४०० लिहा आणि सोबत 'दुसरा ग्राइंडर घेतल्यास इतके होतील, त्याला अमुक महिने लागतील' असं जोडा. नाहीतर ग्राइंडिंग बाहेरच्या शॉपकडून करून घेणार असं सांगा, पण मग त्या शॉपचंही ऑडिट होऊ शकतं हे गृहीत धरा. माझं मत विचाराल तर पहिला रस्ता. नव्या व्हेंडरला कंपनी पहिल्याच महिन्यात आठ हजार देत नाही. ती थोडे नग देऊन बघते. २,४०० हा आकडा तिच्यासाठी लहान नाही, आणि हा हिशेब मांडून दाखवणारा मालक खरेदी अधिकाऱ्याच्या लक्षात राहतो, कारण त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेक कागदांवर फक्त मोठा आकडा असतो.

केलेलं काम : लोगो नकोत, भाग हवेत

प्रोफाइलच्या शेवटच्या पानावर दहा नामवंत कंपन्यांचे लोगो छापायची आपल्याकडे पद्धत आहे. त्यातल्या निम्म्यांना माल दुसऱ्या व्हेंडरमार्फत गेलेला असतो. ऑडिटर एकच प्रश्न विचारतो: 'यांचा व्हेंडर कोड सांगा.' तिथेच पडदा पडतो. ज्यांना तुमच्या बिलावर माल गेला तेवढेच तुमचे ग्राहक. बाकीच्यांबद्दल 'अमुक प्रकारच्या पंपासाठी, दुसऱ्या पुरवठादारामार्फत' असं लिहिलं तर ते खरं असतं आणि उपयोगाचंही असतं.

काम दाखवायचं ते भागाच्या भाषेत. तीन-चार भाग पुरे. प्रत्येकाबद्दल मटेरियल, सर्वांत अवघड माप, किती काळापासून देताय, वर्षाला किती नग गेले आणि किती परत आले. समजा एका बुशचे वर्षभरात ४२,००० नग गेले आणि ३८ परत आले. याचं गणित सोपं आहे: ३८ भागिले ४२,०००, गुणिले दहा लाख, म्हणजे साधारण ९०५ पीपीएम. आकडा शून्य नाही म्हणून लाजू नका. शून्य रिजेक्शन लिहिणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. त्यापुढे एक ओळ जोडा की ३८ पैकी बहुतेक नग चॅम्फर चुकल्याने आले आणि त्यानंतर प्रोग्रॅममध्ये काय बदललं. वेळेवर माल देण्याचंही तसंच. १२४ लॉटपैकी ११८ तारखेला गेले असतील तर ९५ टक्के लिहा, आणि आकडे चलनांवरून काढून दाखवता येतील अशी वही ठेवा.

ग्राहकाचं ड्रॉइंग मात्र प्रोफाइलमध्ये टाकू नका. त्याच्यावर त्यांची मालकी असते, आणि बऱ्याचदा तुम्ही गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते. तयार भागाचा फोटो दाखवायचा तरी आधी विचारा. यात एक बारीक गोष्ट आहे: जो दुसऱ्याचं ड्रॉइंग दाखवतो तो उद्या आमचंही दाखवेल, असा विचार समोरचा करतोच.

प्रमाणपत्रं

आयएसओ ९००१ हे जवळपास सगळीकडे पहिलं मागितलं जातं. त्याची मुदत तीन वर्षांची आणि मधे दर वर्षी पाहणी ऑडिट होतं. पण बाजारात काही दिवसांत घरपोच मिळणारी प्रमाणपत्रंही आहेत. मोठ्या कंपनीचा माणूस प्रमाणपत्र देणारी संस्था मान्यताप्राप्त आहे का ते बघतो. भारतात अशा संस्थांना एनएबीसीबी मान्यता देते, परदेशी मान्यता मंडळंही चालतात. प्रमाणपत्रावर मान्यता मंडळाचं चिन्हच नसेल तर तो कागद न दाखवलेला बरा. आयएसओ नाहीच आणि प्रक्रिया सुरू असेल, तर संस्थेचं नाव आणि ऑडिटची ठरलेली तारीख लिहा.

गाड्यांचे भाग देणार असाल तर आयएटीएफ १६९४९ हे नाव ऐकायला मिळेल. ते आयएसओवर उभं आहे आणि बरंच कडक आहे. आपला पंपाचा शाफ्ट त्यात मोडत नाही, त्यामुळे केवळ प्रोफाइल भरभक्कम दिसावं म्हणून त्याच्यामागे लागू नका. गाड्यांच्या उत्पादनात जाणारा माल बनवणाऱ्या ठिकाणालाच ते मिळतं.

याहून उपयोगी दोन कागद सहसा दुर्लक्षित राहतात. एक, गेजची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं, एनएबीएल मान्य प्रयोगशाळेतली. दुसरा, बारचं मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट, त्यावरच्या हीट नंबरसकट. ऑडिटर तयार शाफ्टच्या ट्रेमधला एक नग उचलतो आणि विचारतो, हा कुठल्या हीटचा? ट्रेवर टॅग असेल, टॅगवर हीट नंबर असेल आणि फायलीत त्याचं सर्टिफिकेट असेल, तर उत्तर मिनिटाभरात मिळतं. बार कापल्यावर ईएन ८ आणि ईएन २४ डोळ्याला सारखेच दिसतात, म्हणून तर बारच्या टोकाला रंग मारायची पद्धत आहे. रंगाचं टोक आधी कापलं गेलं की उरलेला बार अनाथ होतो. रंग नसलेलं टोक आधी कापा, हे कटिंगच्या माणसाला एकदा नीट सांगितलं तरी बराच घोळ टळतो.

संदर्भ कुणाचा द्यायचा

संदर्भ म्हणून सहसा ग्राहक कंपनीच्या मालकाचं किंवा मोठ्या साहेबाचं नाव दिलं जातं. त्याला फोन गेला की तो 'हो, चांगले लोक आहेत' म्हणतो आणि विषय संपतो. त्यापेक्षा तुमच्या मालाशी रोज संबंध येणारा माणूस द्या: इनवर्ड तपासणीचा प्रमुख किंवा त्या भागाचा खरेदी अधिकारी. त्याला तुमचं रिजेक्शन माहीत असतं आणि माल परत आल्यावर तुम्ही किती तासांत माणूस पाठवलात हेही माहीत असतं. नवीन कंपनीला नेमकं तेच ऐकायचं असतं.

नाव देण्याआधी त्या माणसाला विचारा, आणि कुणाचा फोन येणार, कुठल्या भागासाठी, हे सांगून ठेवा. उदाहरणार्थ असं बोलणं पुरतं:

'कुलकर्णी साहेब, एका पंप कंपनीत शाफ्टसाठी अर्ज केलाय. त्यांनी विचारलं तर तुमचं नाव देऊ का? बुशच्या त्या चॅम्फरचं पण खुशाल सांगा, ते मी लिहिलेलंच आहे.'

'द्या की. पण फोन नको, मेल करायला सांगा. मला क्वालिटी हेडला विचारून उत्तर द्यावं लागेल.'

काही कंपन्यांमध्ये बाहेरच्यांना व्हेंडरबद्दल लेखी मत द्यायला मनाई असते. तसं असेल तर गळ घालू नका. त्यांनी दरमहा पाठवलेला व्हेंडर रेटिंगचा कागद तुमच्याकडे असतो, तो दाखवायची परवानगी मागा. दुसरी सावधगिरी: ज्याच्यामार्फत आज माल जातोय त्याच पुरवठादाराचं नाव संदर्भात देणार असाल तर दोनदा विचार करा. तुम्ही थेट जाताय हे त्याला कळलं की आजचं कामही अडचणीत येऊ शकतं. त्याच्याशी केलेल्या करारात त्याच्या ग्राहकाकडे थेट न जाण्याची अट आहे का, हे अर्ज करण्याआधी वाचून घ्या.

पाठवणं, ऑडिट, सॅम्पल

सगळं मिळून चार-पाच पानं पुरेत. पहिल्या पानावर मेलच्या मजकुराइतकंच: कोण, कुठे, कुठला भाग, महिन्याला किती, कुठलं प्रमाणपत्र. मेलच्या विषयात 'कंपनी प्रोफाइल' लिहू नका, 'शाफ्ट १२ ते ६० मिमी, टर्निंग आणि ग्राइंडिंग, भोसरी' असं काही लिहा. खरेदी अधिकारी सहा महिन्यांनी मेलमध्ये 'शाफ्ट' शोधतो तेव्हा तुम्ही सापडायला हवेत.

ऑडिटच्या दिवशी मालकाने कमी बोलावं आणि ऑपरेटरला बोलू द्यावं. ऑपरेटर कुठलं माप किती नगांनी एकदा बघतो, माप बाहेर गेलं तर काय करतो, हे त्याच्याच तोंडून ऐकायला ऑडिटर आलेला असतो. ऑडिटमध्ये काही त्रुटी निघतातच. त्या दुरुस्त केल्याचे फोटो आणि कागद दिलेल्या मुदतीत परत पाठवणं, यावर अर्धा निकाल ठरतो.

सॅम्पलबरोबर मापांचा अहवाल, मटेरियल सर्टिफिकेट आणि प्रक्रियेचा कंट्रोल प्लॅन द्यावा लागतो. गाड्यांच्या क्षेत्रात हेच काम पीपॅप नावाच्या ठरलेल्या पद्धतीने चालतं. तिथे वेगळं काही ठरलं नसेल तर किमान ३०० सलग नगांची चाचणी फेरी करावी लागते. पंप कंपन्या बऱ्याचदा थोडक्या नगांवर भागवतात. सॅम्पल कधीही खास माणसाकडून, खास मशिनवर करून घेऊ नका. पुढे जो माणूस, जे मशिन आणि जो गेज रोज लागणार आहे, त्यावरच काढा. नाहीतर सॅम्पल पास होतं आणि पहिला लॉट परत येतो. नव्या व्हेंडरला यातून सावरणं फार जड जातं.

कोड उघडताना पैशांच्या अटी वाचा

व्हेंडर कोडच्या फॉर्मवर पेमेंटची मुदत छापलेली असते, कधी ६० दिवस, कधी ९०. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे ही मुदत करारातही ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, व्याज लागतं. व्यवहारात नवा व्हेंडर हे व्याज मागत नाही, हे उघड आहे. पण आयकर कायद्यात आलेली ४३बी(एच) ही तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाली आणि त्यानंतर चित्र जरा बदललं. मुदतीत न दिलेली अशी रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष दिली त्या वर्षी धरता येते. त्यामुळे कंपनीचा अकाउंट्स विभाग आता स्वतःच उद्यम नंबर मागतो. तो अर्जात द्या आणि प्रत्येक बिलावरही छापा.

काही कंपन्या हा ४५ दिवसांचा जाच नको म्हणून लहान व्हेंडर टाळतात, हेही खरं आहे. तुम्हाला तसं जाणवलं तर ट्रेड्सचा पर्याय पुढे करा: कंपनीने बिल मान्य केलं की त्या मंचावर बँका ते बिल घेतात, तुम्हाला थोड्या व्याजकपातीने पैसे लवकर मिळतात आणि कंपनी ठरलेल्या तारखेला बँकेला देते. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी करणं बंधनकारक झालं आहे, तेव्हा कुठल्या मंचावर आहात एवढंच विचारायचं आणि आपलीही नोंदणी तिथेच करून ठेवायची. दर देण्याआधी ही व्याजकपात शाफ्टच्या किमतीत धरलीय ना, ते मात्र तपासा.